मेलमध्ये आलेला कागद योग्य टेबलावर कसा पोहोचवावा?

पूर्वी टपालवाला दुकानात आला की मेहताजी पाकिटे फोडत, आवक रजिस्टरात नोंद करीत आणि कागद ज्याचा त्याच्या हाती देत. आता टपाल मेलवर येते. पाकीट फोडणारा कुणी नाही आणि रजिस्टरही बंद पडले. मेल आला की ज्याची नजर आधी पडेल तो तो उघडतो, आणि जोडलेली फाईल ‘बिल असेल’ म्हणून हिशेबाच्या टेबलाकडे सरकवतो. आमच्या कापडाच्या धंद्यात या गफलतीने किती नुकसान होते, हे मी स्वतः भोगले आहे.

२०१९ च्या जून महिन्यात आम्ही दक्षिणेकडील एका ग्राहकाला गाठी रवाना केल्या. वाटेत पावसाने गाठी भिजल्या. ग्राहकाने आठवड्याभरात मेल केला. विषयाच्या जागी आमच्याच जुन्या मेलचे ‘बिल’ हे नाव तसेच राहिले होते आणि सोबत `scan0047.pdf` नावाची चार पानांची फाईल होती. पहिल्या पानावर आमच्याच बिलाची प्रत होती. ती पाहून पोराने फाईल हिशेबाकडे पाठवली. हिशेबवाल्याने ‘हे बिल आपल्याकडे आहेच’ म्हणून बाजूला ठेवली. चौथ्या पानावर बिल्टी होती आणि तिच्यावर गाठी भिजल्याचा शेरा होता. तो कुणी वाचलाच नाही. जानेवारीत ग्राहकाने पैसे कापले तेव्हा शोधाशोध झाली. रस्ता वाहतूक कायदा २००७ प्रमाणे वाहतूकदाराकडून भरपाई मागायची असेल तर माल बुक केल्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत त्याला लेखी नोटीस द्यावी लागते. ती मुदत डिसेंबरातच संपली होती. ८६ हजार रुपये आमच्या अंगावर पडले. कागद आमच्याकडे वेळेवर आला होता. फक्त ज्याने पाहायचा त्याच्या टेबलावर तो गेला नव्हता.

त्यानंतर आम्ही एक रीत बसवली. ती चार माणसांच्या पेढीलाही पेलेल अशी आहे. तीच येथे खुलाशाने सांगतो.

आधी टेबले ठरवा

आमच्याकडे चार टेबले आहेत. ‘सौदा’ म्हणजे भाव, ऑर्डर, माल पसंत-नापसंत आणि तक्रारी. ‘माल’ म्हणजे गोदाम, गाडी, टाक्यांची मोजणी आणि कारखान्यात रंगाई-धुलाईला गेलेले कापड. ‘हिशेब’ म्हणजे बिलांची नोंद, देणे आणि वसुली. ‘कर’ म्हणजे जीएसटी व आयकर. ते काम आमचे सल्लागार पाहतात. आपल्या पेढीत दोन टेबले एकाच माणसाकडे असतील तरी हरकत नाही, पण टेबलाचे नाव वेगळे ठेवा. कारण कागदासोबत काम जाते, आणि काम कोणते हे टेबलाच्या नावावरून कळते.

याखेरीज एक पाचवा ढीग असतो. त्याला आम्ही ‘थांबवा’ म्हणतो. जो कागद काय आहे ते कळत नाही, किंवा ज्याच्याबद्दल शंका आहे, तो अंदाजाने कुठेही पाठवायचा नाही. तो ‘थांबवा’मध्ये जातो आणि मालकाने पाहिल्याशिवाय तेथून हलत नाही. चुकीच्या टेबलावर गेलेला कागद तेथेच मरून पडतो, थांबवलेला कागद निदान डोळ्यांसमोर राहतो.

कागद ओळखायचा कसा?

फाईलच्या नावावर आणि मेलच्या विषयावर विसंबू नका. ‘बिल’ या शब्दाखाली आमच्या धंद्यात सहा प्रकारचे कागद येतात. फाईल उघडा, शेवटच्या पानापर्यंत जा आणि तीन गोष्टी पाहा. हा कागद कोणी कोणाच्या नावे काढला? याने माल हलला, पैसा हलला, की अजून नुसती बोलणी आहेत? आणि हा कागद आपल्याकडून कोणते काम मागतो? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले की टेबल आपोआप ठरते.

दोन कागद सर्वांत जास्त फसवतात. पहिला प्रोफॉर्मा. त्यावर दर, रक्कम, कर सारे काही असते आणि तो अगदी बिलासारखा दिसतो. पण तो नुसता भाव-करार आहे. त्यावर कराची वजावट मिळत नाही. खऱ्या बिलावर ‘टॅक्स इन्व्हॉइस’ असे शीर्षक, दोन्ही बाजूंचे १५ अक्षरी जीएसटी क्रमांक आणि बिलाचा चालू क्रमांक असतो. बिल देणाऱ्याची उलाढाल ५ कोटींच्या वर असेल तर १ ऑगस्ट २०२३ पासून अशा व्यापाऱ्याला व्यापाऱ्यांमधल्या विक्रीसाठी ई-इन्व्हॉइस सक्तीचे आहे, म्हणून बिलावर ६४ अक्षरी नोंद क्रमांक आणि चौकोनी क्यूआर खूण दिसली पाहिजे. प्रोफॉर्मावर हे दोन्ही नसते.

दुसरा फसवणारा कागद म्हणजे ग्राहकाची डेबिट नोट. नाव हिशेबाचे आहे, म्हणून सारे तिला हिशेबाकडे पाठवतात आणि हिशेबवाला निमूटपणे रक्कम खात्यातून वजा करतो. खरे पाहता ती तक्रार आहे. घट खरी आहे का, डाग आपल्याकडून पडला का, हे सौद्याचे टेबल सांगेल. तक्रार मान्य झाली तर आपल्याला क्रेडिट नोट काढावी लागते, तेव्हाच त्यावरचा कर कमी होतो. तीही मुदतीत. ज्या वर्षी माल विकला ते आर्थिक वर्ष संपल्यावर येणाऱ्या ३० नोव्हेंबरपर्यंत ती विवरणात दाखवावी लागते. म्हणजे कागद एक, पण काम आधी सौद्याचे आणि मग हिशेबाचे.

यावरून आमचा नियम असा की प्रत्येक कागदाचा धनी एकच. दुसऱ्या टेबलाला माहितीसाठी प्रत द्या, पण काम कोणाचे हे एकाच नावावर लिहा. दोघांना सारखेच पाठवले की दोघेही समजतात, दुसरा करील.

एका सोमवारचे टपाल

आता नमुन्यादाखल १४ जुलै २०२५, सोमवारची सकाळ घ्या. पाच मेल, त्यांना जोडून सात फायली. मोजले तेव्हा कागद निघाले नऊ. मोजणी नेहमी कागदांची करावी, मेलची नव्हे.

पहिला मेल सुतवाल्याचा. एकच फाईल, तीन पाने: बिल, ई-वे बिल आणि बिल्टी. हे तीन कागद आहेत, म्हणून फाईलचे तीन भाग केले. बिल हिशेबाकडे गेले. ई-वे बिल आणि बिल्टी मालाकडे. ई-वे बिलावर अंतर ३९० किलोमीटर होते. साध्या गाडीला प्रत्येक २०० किलोमीटरला किंवा त्याच्या भागाला एक दिवस मिळतो, म्हणजे येथे दोन दिवस. पहिला दिवस काढल्या तारखेच्या दुसऱ्या दिवशी मध्यरात्री संपतो. शनिवारी १२ तारखेला काढलेले हे ई-वे बिल सोमवारी मध्यरात्री संपणार होते आणि गाडी अजून पोहोचली नव्हती. मुदत वाढवायची असेल तर ती संपण्याच्या आधी ८ तास ते संपल्यानंतर ८ तास एवढ्या वेळातच वाहतूकदाराला वाढवता येते. हा कागद बिलासोबत हिशेबाकडे गेला असता तर मंगळवारी गाडी रस्त्यात अडली असती आणि आम्हाला तेव्हा कळले असते.

दुसरा मेल ग्राहकाचा, विषय ‘पेमेंट’. दोन फायली. एक भरण्याचा तपशील: आमची बिले २३१ व २३८, एकूण ४,२०,००० रुपये, त्यातून १२,६०० वजा, बँकेत ४,०७,४०० जमा. हा हिशेबाकडे. दुसरी फाईल डेबिट नोट: १८० मीटर घट, कर धरून दर ७० रुपये. ही सौद्याकडे, आणि हिशेबाला प्रत. सौद्याकडून उत्तर येईपर्यंत १२,६०० रुपये वसुलीत ‘वादातील’ म्हणून उभे राहतील.

तिसरा मेल रंगाई-धुलाईच्या कारखान्याचा. दोन फायली. एक तयार कापडाचे चलन, दुसरी `Invoice_final.pdf`. उघडून पाहता ती फाईल पुढच्या लॉटचा प्रोफॉर्मा निघाली, म्हणून सौद्याकडे. चलन मालाकडे. आपण ४० टाके पाठवले होते, चलनात ३८ आले. येथे आपल्या मूळ चलनाचा क्रमांक लिहिणे फार गरजेचे आहे. मजुरीकामाला पाठवलेले कापड एका वर्षात परत आले नाही, किंवा तेथूनच विकले गेले नाही, तर कायदा ते पाठवल्या दिवशीच विकले असे धरतो आणि कर मागतो. मूळ क्रमांक नसेल तर कोणते टाके कोणत्या खेपेचे, हे नंतर सिद्ध करता येत नाही.

चौथा मेल जीएसटी खात्याच्या नावाने, सोबत नोटीस. विवरणातील फरकाबद्दल खुलासा मागणारी एएसएमटी-१० ही नोटीस होती. अशा नोटिशीला ३० दिवसांच्या आत उत्तर द्यावे लागते. पण मेलमधील कळ दाबू नये. आपण स्वतः जीएसटीच्या संकेतस्थळावर आपल्या खात्यात शिरून तीच नोटीस तेथे दिसते का ते पाहावे. दिसली, म्हणून त्याच दिवशी कराच्या टेबलाकडे गेली.

पाचवा मेल पुन्हा सुतवाल्याच्या नावाने. ‘आमचे बँक खाते बदलले आहे, यापुढे रक्कम येथे भरावी’ असे पत्र आणि सोबत त्याच पानावर रद्द चेकचे चित्र. हा कागद हिशेबाकडे सरळ गेला तर दुपारी ३,१५,००० रुपये परक्या खात्यात जातील. म्हणून ‘थांबवा’. मेलचा पत्ता नीट पाहिला तर नावात एक अक्षर जास्त होते. अशा पत्राची खात्री पत्रात दिलेल्या नंबरावर करू नये. आपल्या जुन्या वहीतल्या नंबरावर फोन करून, ओळखीच्या आवाजाशी बोलून करावी. सुतवाला म्हणाला, ‘खाते बदललेच नाही.’ मेल तसाच ठेवला, पुरावा म्हणून.

सोबतची एक ओळ

कागद योग्य टेबलावर गेला तरी त्याच्यासोबत नुसते ‘पाहावे’ लिहिले तर काम अर्धेच झाले. टेबलावरच्या माणसापुढे वीस फायली असतात. कोणती आधी उघडायची हे त्याला फाईल न उघडता कळले पाहिजे. त्यासाठी एक ओळ लिहावी. तिच्यात सहा गोष्टी, नेहमी त्याच क्रमाने: कोणाकडून, कोणता कागद, क्रमांक व तारीख, रक्कम किंवा नग, काय करायचे, कधीपर्यंत. वरच्या टपालाच्या चार ओळी पाहा.

माल: सुतवाला, ई-वे बिल, १२ जुलै, २४ गोणी, १,२०० किलो, गाडी कोठे आहे ते विचारून गरज असल्यास मुदत वाढवून घेणे, आज रात्री १२ पूर्वी.

सौदा (हिशेबाला प्रत): ग्राहक, डेबिट नोट, बिल २३८ बाबत, १८० मीटर, रु. १२,६००, घट खरी की नाही ते कळवणे, १८ जुलै.

माल: कारखाना, तयार कापडाचे चलन, आमचे मूळ चलन ८८, ३८ टाके आले, २ बाकी, मोजून बाकीची विचारणा, १६ जुलै.

कर: जीएसटी खाते, एएसएमटी-१०, विवरणातील फरक, खुलासा देणे, मिळाल्यापासून ३० दिवस, म्हणजे १३ ऑगस्ट.

‘तातडीचे’ हा शब्द ओळीत लिहू नये. सर्वच तातडीचे लिहिले की काहीच तातडीचे राहत नाही. तारीख लिहावी. रक्कम मेलच्या मजकुरातून न घेता कागदावरून घ्यावी. मेलमध्ये एक आणि कागदावर दुसरी असेल तर दोन्ही लिहाव्यात. आपले मत ओळीत घालू नये. ‘घट खोटी वाटते’ असे लिहिले की सौद्यावरचा माणूस न मोजताच तेच म्हणतो.

फाईल जतन करताना तिला नवे नाव द्यावे. आमच्याकडे तारीख, प्रकार, पक्ष आणि क्रमांक असा क्रम आहे. उदाहरणार्थ सुतवाल्याचे बिल असे:

`2025-07-12_BILL_SUT_412.pdf`

वर्ष आधी, मग महिना, मग दिवस असे लिहिले की फायली तारखेच्या क्रमाने आपोआप लागतात. दिवस आधी लिहिला तर सगळ्या महिन्यांच्या १२ तारखा एकाखाली एक येतात.

संध्याकाळचा ताळा

रीत नीट चालली की नाही हे संध्याकाळी कळते. रजिस्टरात कागद आले नऊ. टेबलांवर गेले आठ, ‘थांबवा’मध्ये एक. बेरीज जुळली. जुळली नाही तर दिवा मालवण्यापूर्वी शोधावे. रजिस्टर कागदी वही असली तरी चालते. आमची अजून तशीच आहे.

येथे एक धोका लक्षात ठेवा. मेल ‘न वाचलेला’ आहे की नाही, यावरून काम झाले की नाही ते ठरवू नका. कुणीतरी मोबाईलवर मेल उघडून पाहिला की तो वाचलेला ठरतो आणि ठळक अक्षरे जातात. काम मात्र झालेले नसते. दुसरे असे की एकाच विषयाची उत्तरे मेलमध्ये एकाखाली एक जमतात. जुन्या बिलाच्या मेलखाली आलेली नवी फाईल तेथे लपून बसते. आमचा भिजलेल्या गाठींचा कागद असाच लपला होता. म्हणून रोज सकाळी मेलच्या शोधपट्टीत हे लिहून पाहावे:

`has:attachment newer_than:2d`

जीमेलमध्ये यामुळे गेल्या दोन दिवसांतले, फाईल जोडलेले मेल वेगळे दिसतात, वाचलेले असोत वा नसोत. ते रजिस्टराशी ताडून पाहावे. रविवारी दुकान बंद असेल तर सोमवारी `2d` च्या जागी `3d` लिहावे.

एखादे टेबल कागद परत करील, ‘हा माझा नाही’ म्हणून. त्यावर चिडू नये. परत का आला ते रजिस्टरात त्याच ओळीत लिहावे. महिन्याभराने ती पाने चाळली की दिसते, परत येणारे कागद दोन-तीन जातींचेच असतात. आमच्याकडे पहिल्या महिन्यात अकरा कागद परत आले, त्यांत सात डेबिट नोटा होत्या. तेव्हाच वरचा नियम ठरला.

ही रीत सर्व काही पकडत नाही. फोटो तिरका, अंधुक असेल तर क्रमांक चुकीचा वाचला जातो. अशा वेळी अंदाज न करता पाठवणाऱ्याकडून पुन्हा मागवावा. बँकेचा उतारा कुलूपबंद फाईलमध्ये येतो; तो न उघडता हिशेबाकडे द्यावा आणि त्याचा परवलीचा शब्द ओळीत लिहू नये. `.exe` किंवा `.scr` ने संपणारी फाईल कागदच नव्हे, नावात आधी pdf लिहिलेले असले तरीही; ती उघडूच नये. आणि टपाल फोडणारा माणूस सुट्टीवर गेला तर त्याच्या जागी कोण, हे आदल्या दिवशीच ठरलेले असावे.

आमच्या पेढीत हे काम सकाळी अर्ध्या तासात उरकते. २०१९ साली ते चौथे पान कुणी असे उघडून पाहिले असते, तर वाहतूकदाराला नोटीस द्यायला आमच्या हातात पाच महिन्यांहून जास्त वेळ होता.